जांभळांवर आळ

तारापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं उभं राहून आमच्या ह्यांचे गुडघे कामातून गेले. निवृत्तीनंतर मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या आणि उपाशीपोटी गिळायच्या, हा ह्यांचा परस्पर डॉक्टरी कारभार. मी ओरडायचे. हे पेपर वर धरायचे.

केळव्याहून येताना आम्ही टोपलीभर जांभळं आणली. दोन दिवसांनी ह्यांच्या मागून मी संडासात गेले, तर भांड्याला डांबरासारखं काळंकुट्ट चिकटलेलं. बादली ओतली तरी हलेना. आणि वास असा की नाकाला पदर लावूनही सोसेना.

"जांभळं गं," हे म्हणाले. "काळं खाल्लं, काळंच होणार."

जांभळं मीही खाल्ली होती, ह्यांच्यापेक्षा जास्तच. माझं काही असं झालं नव्हतं. बाळंतपणात लोहाच्या गोळ्यांनी काळं व्हायचं, पण ते असं चिकट नव्हतं आणि असा कुजका वासही नव्हता. तेवढ्यात हे खुर्चीतून उठले आणि भिंत धरून उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"दवाखान्यात चला."

"तिथे हे असलं सांगायचं? लाज नाही वाटत?"

"मला नाही वाटत. मी सांगते."

बोईसरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांची नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली आणि मला विचारलं, "पाण्यानं सुटतं का?"

"कुठलं सुटतंय. ब्रशनं खरवडलं."

"मग जांभळं नव्हेत, रक्त आहे," बाई म्हणाल्या. "आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला रक्त गेलं तर लालच दिसतं. हे वरून, बहुतेक जठरातून येतंय. तिथल्या आम्लानं ते काळं पडतं, मग लांबलचक आतड्यातून येताना पचतं, कुजतं, म्हणून असं चिकट आणि घाण वासाचं. लाल दिसत नाही म्हणून लोक घरी बसतात. गोळ्या कुठल्या घेता, काका?"

काका छताकडे बघू लागले. मी गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी लगेच अँब्युलन्सनं पालघरला पाठवलं. वाटभर मी ह्यांना बोलत होते, कारण गप्प बसले असते तर रडू फुटलं असतं. हा माणूस जातो की काय, एवढंच डोक्यात होतं. तिथे रक्त चढवलं, तोंडातून दुर्बीण घातली. त्या गोळ्यांनी जठरात जखम झाली होती, तिच्यातून रक्त झिरपत होतं. दुर्बिणीतूनच ते थांबवलं. त्या गोळ्या कायमच्या बंद. सिस्टर म्हणाली, "काकी, आता घाबराचा नाय."

आता गुडघ्यांना शेक आणि तेल. आणि रोज सकाळी संडासातून मोठ्यानं वार्ता येते, "पिवळं आहे हो." शेजारची सून खिडकीत हसते. मी म्हणते, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा.

परवा वार्ता आलीच नाही. हातातली पोळी तव्यावर टाकून मी धावले आणि दार बडवलं.

"अगं, पेपर वाचतोय."

"आधी रंग सांगा," मी म्हटलं. पोळी जळली, पण ह्यांनी सांगेपर्यंत मी दारातून हलले नाही.