पीठ काढून देणारं माणूस

सोमवार, जूनचा दुसरा आठवडा, सकाळ. चाचणीचा तिसरा आणि शेवटचा दिवस. हजर: आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमचे हे, बारावीतली मुलगी, मी, आणि ओट्यापाशी शनिवारपासून येऊ लागलेली स्वयंपाकाची बाई. पैकी आई हजर असूनही स्वयंपाकघराकडे पाठ करून बाहेरच्या खोलीत बसलेल्या.

हजेरी लिहायची सवय मला ऑफिसची आहे. त्या दिवशी मात्र ती लिहावीच लागली, कारण दुपारपर्यंत ठरणार होतं की मी हिंगोलीला रुजू व्हायचं की पदोन्नती नको म्हणून पत्र द्यायचं. वसमतहून हिंगोलीची सकाळची एसटी पकडायची तर आठला घर सोडावं लागणार. म्हणजे सकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करायला हवा. इतकी वर्षं तो आईंनी केला. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर धूर आणि शेगडीची धग नको म्हणून सांगितलं. तशात एकदा तवा हातून निसटला आणि ह्यांनी जाहीर केलं की आता आईनं गॅसपाशी उभं राहायचं नाही.

मी जाहिरात लिहिली. गल्लीच्या ग्रुपवर टाकली आणि एक चिठ्ठी किराणा दुकानाच्या काचेला चिकटवली:

‘चार माणसांच्या घरी स्वयंपाकाला बाई पाहिजे. सकाळी साडेसहा ते आठ, संध्याकाळी सहा ते सव्वासात. सकाळी पोहे किंवा उपमा, दोन डबे, ज्वारीच्या भाकरी, एक सुकी भाजी, वरण. संध्याकाळी पोळ्या, रस्सा, भात. तेल-तिखट बेताचं. बुधवारी अंडी, रविवारी मटण करता आलं पाहिजे. पगार चार हजार. महिन्यात दोन सुट्ट्या. आधी तीन दिवस चाचणी, त्याचे रोजचे दीडशे वेगळे. सामान डब्यांत भरून ठेवलेलं असेल, स्वयंपाकाची सगळी जबाबदारी बाईची.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. मला वाटलं, चांगल्या बाईला मोकळा हात आवडतो.

फोन आले. एक म्हणाली, ‘आमी अंडं शिवत न्हाई.’ दुसरीला पगार चालत होता, पण सकाळी आठच्या आधी यायचं नव्हतं. तिसरी सेनगावकडच्या साखरा गावची, दुकानदारानं चिठ्ठी वाचून दाखवली म्हणून फोन केलेली. नवऱ्याबरोबर इकडे आलेली. नवरा हळदीच्या मार्केटमध्ये हमाली करतो, लेकरं शाळेत. तिनं विचारलं, ‘भाकर रोज किती? अन् घरात दुसरं कोण ऱ्हातं त्या टायमाला?’ मी सांगितलं, माझ्या सासूबाई असतात, पण त्यांना काही करायचं नाही. ती म्हणाली, ‘बरं, येऊन बघते.’

शनिवारी ती बरोबर साडेसहाला आली. मी आदल्या दिवशीच पीठ, डाळी, तिखट, रश्शाचा येसर मसाला, मीठ डब्यांत भरून, चिठ्ठ्या लावून, मांडणीवर ओळीत ठेवलं होतं. एकेक डबा तिला दाखवला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. भाकरी चांगल्या झाल्या, वरण चांगलं झालं. मुलगी डबा घेऊन खुशीत गेली. आईंनी मात्र ताट बाजूला सारलं. ‘भूक न्हाई’ म्हणाल्या आणि दुधात पाव बुडवून खाल्ला.

रविवारी मटणाचा वास दारापर्यंत आला. तरी दूध आणि पावच. ह्यांनी ताट पुढे नेलं तर म्हणाल्या, ‘तू खाय ना. मला काहून जबरदस्ती करून राहिला?’

मी ह्यांना सांगून टाकलं, आई जेवत नसतील तर मी हिंगोलीला जाणार नाही. तिकडे बसून फाइली पाहत असताना इकडे म्हातारं माणूस दूध-पावावर आहे, हे मला जमणार नाही. हे म्हणाले, ‘उद्याचा दिवस बघू. दुधाचा रतीब मात्र वाढवून ठेव.’

तर सोमवार. चहा झाल्यावर मी त्या बाईला विचारलं, तुमचं काय ठरलं? ती परात धूत होती.

‘न्हाई जमायचं, ताई,’ ती म्हणाली.

‘पगार कमी वाटतो?’

‘पगाराचं न्हाई. तुमी मला सगळे डबे दावले अन् आता तुमी एसटीत जाऊन बसणार. उद्या तेल लवकर सरलं, साखर सरली, तर बोट कुणाकडं? पहिल्या घरी हेच झालं. मी चिमूटभर नेलं न्हाई, पर चार बायांत नाव खराब झालं. तवापासून मी ठरवलं. घरचं माणूस समोर बसून काढून देत असंल तरच काम धरायचं. पीठ काढून द्या, तेल काढून द्या. तेवढ्यात भागवते मी. कमी पडलं तर मागते.’

मी म्हटलं, ‘अहो, आमचा विश्वास आहे.’

‘तुमचा हाय. पर डबा रिकामा झाला की इस्वास कोण बघतं?’

सव्वासात वाजत होते. मनातल्या मनात मी नकाराच्या पत्राची पहिली ओळ जुळवायला घेतली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई दारात उभ्या राहिल्या. डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा, डोक्यावर पदर.

‘पोरी,’ त्या बाईला म्हणाल्या, ‘मापटं कुठं हाय?’

मापटं मी माळ्यावर टाकलं होतं. त्याच्या जागी खुणा केलेला प्लास्टिकचा कप आणला होता. ह्यांना स्टूल घेऊन माळ्यावर चढावं लागलं. आई गॅसपासून लांब, मांडणीजवळ खुर्ची टाकून बसल्या. ज्वारीच्या पिठाचा डबा मांडीशी ओढला, मापट्यानं पीठ काढलं, वर हात फिरवून सारखं केलं आणि परातीत टाकलं.

‘एवढ्यात आठ भाकरी व्हाव्यात. होतात का न्हाई?’

‘होतात, मावशी. नववी बारकी निघंल.’

‘ती तुझी. खाऊनच जायचं. अन् काल रश्शात येसर टाकलं न्हाईस. वासावरूनच कळलं मला.’

‘मला डब्यावरची चिठ्ठी कुठं वाचता येते, मावशी? तिखटच समजले मी त्याला.’

‘मलाबी कुठं येते. हिनं चिकटवल्यात, तिलाच ठाऊक.’

दोघी हसल्या. ह्यांनीही माझ्याकडे बघत हसून घेतलं. मी डबे भरायला घेतले, कारण कुणीतरी ते करायला हवं होतं.

पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी आईंनी हात पुढे केला. अर्धी मोडून ठेचा लावून खाल्ली. ‘पीठ जरा अजून मळायचं,’ म्हणाल्या आणि उरलेली अर्धीही संपवली. मी घड्याळ बघितलं आणि साहेबांना घरी फोन करून सांगितलं की मी हिंगोलीला हजर होत आहे.

त्या गोष्टीला आता पाच-सहा महिने झाले. सकाळी साडेसहाला आई खुर्चीत तयार असतात. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, तेव्हा तेवढे दिवस बाईनं मापटं त्यांच्या हातात देऊन, अंदाजानं भरायला लावलं. काढून दिलं त्यांनीच. मी आठला निघून एसटीत खिडकीची जागा धरते. डब्यात काय आहे ते मला दुपारी कळतं आणि हे मला चालतं. तेल पूर्वीपेक्षा थोडं जास्त लागतं. त्यावर मी बोलत नाही, कारण ते काढून कोण देतं हे मला माहीत आहे.

मांडणीवरच्या चिठ्ठ्या मी काढल्या. दुकानाच्या काचेवरची जाहिरात मात्र अजून तिथंच आहे, ‘सगळी जबाबदारी बाईची’ या वाक्यासकट. जाताना दुकान उघडलेलं नसतं, येताना माझ्या लक्षात राहत नाही. कालही कुणाचा तरी फोन आला, पाहिजे का अजून बाई म्हणून. नाही म्हणून सांगितलं. ती चिठ्ठी तेवढी काढायची आहे.