शालू परत आणला तेव्हा

पवनीच्या माझ्या शिलाईच्या दुकानात एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी नवरीचा पूर्ण संच हप्त्यांवर द्यायला लागले. बनारसी शालू, पाच साड्या, त्यांवरचे ब्लाउज, भाड्याने दागिन्यांचा सेट आणि लग्नाच्या दिवशी मी स्वतः जाऊन नवरी सजवणार, असं सगळं एका किमतीत. बाजारातल्या पुरुषांना वाटलं, ही बाई वर्षभरात बुडणार.

बुडण्याची सोय होतीच. शालू नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून उधार यायचे आणि त्याला दीड महिन्यात पैसे लागायचे. एक मोठं गिऱ्हाईक चुकलं की पुढच्या हंगामाचा माल बंद. म्हणून मी नियम केले. किमतीचे तीन सारखे हप्ते. पहिला, संच ठरवताना. दुसरा, ब्लाउजला कात्री लावण्याआधी, कारण कापलेलं कापड दुसऱ्या कुणाच्या मापाचं होत नाही. शेवटचा, शालू दुकानाबाहेर पडण्याआधी. हे हप्ते विणकर घरांकडून दर आठवड्याला थोडे थोडे घ्यायचे, कारण त्यांची मजुरी आठवड्याला. शेतकऱ्यांकडून धान विकल्यावर. सुरुवातीला मी त्यांच्याकडे दर महिन्याला मागत होते. ती माझी चूक, दोन हंगाम भोवली.

आणि जामीन म्हणून नवरीच्या मामाची सही. लोक हसायचे. पण बाप तोंड चुकवू शकतो, मामाला नवरीच्या पाठीशी मांडवात उभं राहावंच लागतं.

अड्याळचा राईस मिलवाला मुलीसाठी आला तेव्हा मात्र मी ही सही सोडली. "मामाची सही कायले? मी का फाटका मानूस हाओ?" असं तो भरल्या दुकानात म्हणाला. मोठं नाव होतं, सारं अड्याळ मागून येईल असं वाटलं. त्याने दोन हप्ते वेळेवर दिले. तिसरा नाहीच. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा दिवाणजी बैलगाडी घेऊन आला. "शालू द्या बाई, पैसे लग्न झाल्यावर भेटतीन."

"शालू माझ्यासंगच येईल," मी म्हटलं आणि पाच साड्या, त्यांवरचे ब्लाउज त्याच्या हवाली केले; शालूचा ब्लाउज शालूसोबतच पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन मी नवरीच्या खोलीत बसले. मिलवाला आला. पेटीवर माझा हात होता.

"खोला," तो म्हणाला.

"तिसरा हप्ता."

"लग्नघरात पैसे मांगून राहिल्या? लाज नाही वाटत तुमाले?"

"मले नागपूरवाल्याची वाटते भाऊ. तो तुमच्या घरी नाही, माझ्या दारात येते."

"पवनीतलं दुकान बंद करून टाकीन."

"करा. पण शालू तरी कुठून आनसान? मुहूर्ताले दोन घंटे हायेत."

दारात नवरीचा मामा उभा होता, शेजारच्या गावचा साधा धान पिकवणारा शेतकरी. तो शांतपणे म्हणाला, "भाऊजी, माही सही घेतली असती त मी हप्ता देला असता. तुमीच मले इचारलं नाही."

मिलवाला काही बोलणार, तोच मुलगी पाटावरून उठली. हळद लावलेली, ओले केस मोकळे. "मामानं आनलेली पिवळी साडी हाय ना? तीच नेसतो मी. बाई, तुमी मले सजवा. त्याचे पैसे त देले ना?"

"देले," मी म्हणाले. खरंच दिले होते. थकलं होतं ते फक्त शालूइतकं.

मी तिला ती सुती पिवळी साडी अशी नेसवली की एक निरी इकडची तिकडे नव्हती. केस बांधले, दागिने चढवले. मांडवात बायका शालू कुठे म्हणून विचारत होत्या, आणि मिलवाला अक्षता वाटायला स्वतः फिरत होता. मी जेवले, दागिने मोजून घेतले आणि शालूची पेटी घेऊन एसटीने परत आले. नागपूरवाल्याने शालू परत घेतला नाही, कारण ब्लाउजचं कापड कापताना त्याची घडी मोडली होती. त्याचे पैसे मी शिलाई मशीन गहाण ठेवून भरले, पण भरले.

पवनीत सगळ्यांनी सांगितलं, आता अड्याळचं कुणी येणार नाही. मी नियमांचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून दर्शनी भिंतीवर चिकटवला. मामाची सही सगळ्यात वर.

दिवाळीला माहेरी आलेली तीच मुलगी दुकानात आली. "त्या शालूचा ब्लाउज माह्या मापाचा हाय. तुमच्या काही कामाचा नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मंग शालू मीच घेतो. आमचे मालक मास्तर हायेत, पगार महिन्याले येते. हप्ते बांधून द्या."

"पहिला हप्ता आनला?"

तिने पैशांच्या रुमालाची गाठ सोडली.

"जामीन?"

"बाहेर उभा हाय," ती म्हणाली. "बाबानं तवा मामालेच इचारलं नव्हतं, म्हनून आता खुशीनं आला."

मी मामाला आत बोलावलं आणि शाईची दौत पुढे सरकवली. शालू मात्र शेवटचा हप्ता येईपर्यंत माझ्याच कपाटात राहिला.