याकोब सरांचं पुढे धावणारं घड्याळ

आमच्या साखर कारखान्याच्या वीज प्रकल्पात याकोब सरांइतका उशिरा येणारा माणूस दुसरा नव्हता. संगमनेरहून यायचे, वाटेत चारजणांची चौकशी करायचे आणि मीटिंग निम्मी झाली की दार ढकलून "चालू द्या, चालू द्या" म्हणत आत शिरायचे. आणि याच माणसाकडे सगळ्या यंत्रांच्या कंट्रोलरची आणि त्यांच्यातल्या घड्याळांची देखभाल! मी टर्बाईनच्या पॅनलवर असतो. माझं तोंड जरा फाटकं आहे, म्हणून हे त्यांना मी तोंडावरच ऐकवायचो. ते हसायचे. त्यांच्यावर रागावून राहणं मला कधी जमलंच नाही.

गेल्या हंगामात ऐन गाळपात बॉयलर आणि टर्बाईन दोन्ही बंद पडले. आमच्याकडे बॉयलरचा एक कंट्रोलर, टर्बाईनचा दुसरा. काहीही घडलं की जो तो आपल्या घड्याळाप्रमाणे मिलिसेकंदापर्यंतची वेळ टाकतो आणि दोघांच्या नोंदी मिळून एक यादी निघते. यादीत बॉयलर आधी बंद पडला होता, टर्बाईन तीन सेकंदांनी. चीफ इंजिनिअर काकासाहेबांनी निकाल देऊन टाकला. बॉयलरचा ऑपरेटर रंगनाथ याने ड्रममधलं, म्हणजे बॉयलरच्या टाकीतलं, पाणी उतरू दिलं, म्हणून बॉयलर गेला आणि त्यामागून टर्बाईन. पुणतांब्याच्या रंगनाथला घरी बसवलं. चौकशीनंतर कामावरून काढायचं, हेही जवळपास ठरलं होतं.

याकोब सरांना ते पटेना. "रंगनाथ पाणी उतरू देईल? तो स्वतः जेवायचा विसरेल, पण ड्रम विसरायचा नाही," असं म्हणत त्यांनी बॉयलरच्या सगळ्या नोंदी उघडल्या. काकासाहेबांच्या यादीत फक्त बंद पडल्याच्या नोंदी गाळून घेतल्या होत्या.

टर्बाईन थांबला की तारेवरून बॉयलरच्या कंट्रोलरला तशी खबर जाते. ती खबर बॉयलरकडे ११:४२:०७.३१२ ला पोचली होती. आणि टर्बाईन स्वतःच्या नोंदीत थांबला होता ११:४२:१६.३०० ला.

"म्हणजे पोरगं आधी जन्मलं आणि बाप मागून?" मी म्हणालो.

सर हसले नाहीत. मुख्य घड्याळ उपग्रहावरून वेळ घेतं आणि दोन्ही कंट्रोलरनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं. सरांनी टर्बाईनची वेळ त्याच्याशी ताडून पाहिली. टर्बाईन नऊ सेकंद पुढे होता. ते नऊ वजा केले आणि सगळं उलटलं. टर्बाईन आधी थांबला होता. वाफेची वाट एकदम मिटली, बॉयलरमधला दाब चढला, त्या दाबाने ड्रममधली पातळी खाली बसली आणि सहा सेकंदांनी बॉयलर गेला. टर्बाईनला बाहेरून थांबवणाऱ्या तारेचा एक जोड सैल सापडला. रंगनाथचा काडीचाही दोष नव्हता.

मला आनंद झाला. सर मात्र खुर्चीत तसेच बसून राहिले.

काकासाहेबांनी नोंदी नीट पाहिल्या, मान्यही केल्या. मग विचारलं, "टर्बाईनचं घड्याळ जुळत का नव्हतं? हंगामाआधी कंपनीचा माणूस त्याच्या कंट्रोलरचं कार्ड बदलून गेला ना? त्याचंच काम असणार. तसं लिहून टाका."

तो माणूस केव्हाच पुण्याला परतला होता. सर गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"नाही साहेब, ते मी केलं," सर म्हणाले. "बॉयलर पेटवायचा, अग्निप्रदीपनाचा मुहूर्त टळत होता. नवं कार्ड मुख्य घड्याळाशी जोडायचं राहिलं, मी मोबाईल बघून हाताने वेळ टाकली. जुळत नसल्याचा अलार्म सारखा यायचा. तोही मीच बंद केला."

सरांना मेमो मिळाला आणि त्यांची बढती थांबली. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

रंगनाथ कामावर आला त्या दिवशी सर सरळ त्याच्या पॅनलपाशी गेले. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "रंगनाथ, चूक माझी होती. माफ कर."

रंगनाथने घाईने त्यांचे हात धरले. "आसं नका करू सर. तुमी हुतात म्हणून सुटलो." मग हळूच म्हणाला, "पर खरं सांगू? घरी बसून बसून, सर, मलाबी वाटाया लागलं हुतं, पानी माझ्याच हातनं उतरलं आसंल. मशीन कशाला खोटं सांगंल?"

याकोब सर पॅनलकडे तोंड करून उभे राहिले आणि रडले.