काचेतली सावली आणि मुदतीची ओळ

तो गेल्याची बातमी त्याच्या भाच्यानं आणली. दारातूनच म्हणाला, "कराचीचे मामू गेले. अम्मी म्हणाली, पहिलं तुमाला सांग." आत ये म्हणालो, तर आला नाही. त्याला आणखी दोन-तीन घरी जायचं होतं. तो गेल्यावर मी कपाट उघडलं आणि पुस्तकांमागं ठेवलेला फोटो बाहेर काढला.

फोटोत माणूस नाही. भिंतीवर लावलेली एक काच, काचेमागं इंग्रजीत छापलेला कागद आणि त्या कागदावर पडलेला एक काळा डाग, एवढंच. कुणाला दाखवला तर बिघडलेला फोटो म्हणून परत देईल.

आम्ही दोघं नळदुर्गच्या शाळेत एका बाकावर होतो. निझामाच्या राज्यात सगळं शिक्षण उर्दूत, त्यामुळं आमची अक्षरंसुद्धा एकसारखी झाली होती. पुढं मी सोलापूरला राहून इंग्रजी शिकलो आणि गावात परत येऊन मास्तर झालो. तो सोलापुरातच एका फोटोवाल्याकडं कामाला लागला. निझामाचं राज्य गेलं तेव्हा तो घरी आलेला होता. त्या महिन्यांत आमच्या भागात जे घडलं, त्याची भीती घरात शिरून बसली होती. त्याचे चुलते कराचीला निघाले आणि त्यालाही बरोबर घेऊन गेले. आई आणि धाकटी बहीण मागं राहिल्या. जाताना तो म्हणाला होता, "जरा शांत झालं की येतो." जाताना त्याला कुणी काही विचारलं नाही. परत यायला परवाना लागतो, हे त्याला तिथं गेल्यावर कळलं.

त्याच्या आईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. एका दुपारी तिनं मला बोलावणं पाठवलं. त्याचा लिफाफा आला होता, त्यात एक पत्र आणि हा फोटो. नव्हे, याच्या आधीचा. पत्रात लिहिलं होतं, "भारताच्या कचेरीबाहेर ही नोटीस लावली आहे. इंग्रजी मला येत नाही. बाहेर बसलेले लिहिणारे प्रत्येकाला वेगळं सांगतात. इथं मला कुणाचा भरवसा नाही. दुकानाचा कॅमेरा नेऊन फोटो काढला आहे. तू वाच, आणि कधीपर्यंत काय द्यायचं ते लिही. तू सांगशील तसं करीन."

मी फोटो उजेडाकडं धरला आणि भिंग लावलं. नोटीस उघड्यावर, काचेमागं होती. काचेत कराचीचं आभाळ उतरलं होतं आणि बराचसा कागद पांढरा पडला होता. अक्षरं फक्त मधल्या काळ्या डागात उमटली होती. तो डाग काय आहे हे मला कळायला वेळ लागला. खालाला लागला नाही.

"ह्यो उभा हाय न्हवं?" ती म्हणाली. "बघ, डावा खांदा उतरलाय. लहानपणापास्नं असाच उभा ऱ्हातो."

खरंच तोच होता. कॅमेरा डोळ्याशी धरलेली त्याची सावली काचेत पडली होती. सावली जिथं होती तिथं आभाळाची चमक अडली होती, म्हणून तेवढंच वाचता येत होतं. मी ओळ ओळ वाचत त्याच्या डोक्यापासून खाली उतरत गेलो. कमरेपाशी सावली संपली आणि शेवटचा परिच्छेद पांढऱ्यात बुडाला. अर्ज कधीपर्यंत घेणार ते नेमकं तिथं होतं.

शाळेतली तांबडी-निळी पेन्सिल माझ्या खिशात होती. फोटोवरच खुणा कराव्यात म्हणून मी ती काढली, तशी खालानं माझा हात धरला.

"त्याच्या अंगावर रेघा मारू नको, बेटा."

मग मी कोऱ्या कागदावर उर्दूत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, उतरवला. नोटिशीत जशी कलमं होती तशीच ठेवली, माझ्या मनाचं काही घातलं नाही. द्यायच्या कागदांखाली निळी रेघ ओढली: ठरावीक नमुन्यातला अर्ज, स्वतःचे फोटो, आधी इथं राहत असल्याचा पुरावा, इथं राहणारे जवळचे नातेवाईक, कधी आणि का गेला याची हकीकत. मुदतीच्या गोष्टींखाली तांबडी: परवाना मिळाल्यावर त्यावर लिहिलेल्या दिवसांच्या आतच हद्द ओलांडायची, आल्यावर ताबडतोब पोलिसांत नोंद करायची. आणि शेवटी, पांढऱ्या पडलेल्या जागी, मी कंसात लिहिलं, "इथं अर्जाची अखेरची तारीख आहे. फोटोत वाचता येत नाही."

खाला म्हणाली, "अंदाजानं लिही की."

"अंदाज चुकला तर त्याचा अर्ज घेणार नाहीत, खाला."

मी त्याला पत्र लिहिलं की पुन्हा जा आणि या वेळी अशा जागी उभा राहा, की तुझी सावली खालच्या ओळींवर पडेल. बहीण हसली. म्हणाली, "दादा, लिहा त्याला, जेवून जा म्हनावं. सावली बारीक पडलीय."

खरी अडचण पुढं होती. नोटिशीत परवाने दोन तऱ्हेचे होते. एक थोड्या दिवसांचा. तो लवकर मिळे. भेटायला यायचं आणि मुदत संपायच्या आत परत जायचं. दुसरा कायमचं परत येण्याचा. त्याला कागद जास्त, अर्जाची अखेरची तारीखही त्यालाच, आणि इथल्या सरकारनं हरकत नाही असं कळवल्याशिवाय तो मिळायचा नाही. त्यात एक ओळ होती, तिच्याखाली मी दोनदा तांबडी रेघ ओढली होती: थोड्या दिवसांच्या परवान्यावर आलेल्याला इथं आल्यावर कायमचा परवाना मागता येणार नाही.

ती ओळ मी खालाला दोनदा वाचून दाखवली.

"म्हंजे म्हैनाभर यील, आन् मग म्याच त्याला जा म्हनायचं?"

"व्हय."

"माझ्या घरात मेहमान?" तिनं ओढणी सारखी केली. "न्हाय. यायचं तर घरी यायचं. कायमचाच मागायला सांग."

तो मुलगा तिचा होता. पण मनात मला तो लवकर हवा होता, महिनाभरासाठी का होईना. बोरी नदीच्या काठी त्याच्याबरोबर बसायला मला महिना पुरला असता असं तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या फोटोची वाट न बघता आम्ही कागद जमवायला लागलो. गावच्या पटवाऱ्यानं घराचा आणि जमिनीचा दाखला दिला. त्यावर तहसिलीतला शिक्का घ्यायला मी तुळजापूरला गेलो. शिक्का झाला, कागद पिशवीत घातला आणि पायऱ्या उतरताना पुन्हा काढून वाचला. तारीख फसली सनाची होती, महिना अमरदाद. आमच्याकडं जन्मापासून सारा, शाळा, कोर्ट सगळं त्याच सनावर चाललेलं. पटवाऱ्यानं तेच लिहिलं होतं, कारकुनानं त्यावरच शिक्का मारला होता आणि मलाही पहिल्या वाचनात काही खटकलं नव्हतं. पण कराचीच्या कचेरीतल्या माणसाला अमरदाद कोणत्या ऋतूत येतो हे कुठून माहीत असणार?

मी परत वर गेलो. कारकून पान लावत होता.

"राज बदललं, आता म्हैनेबी बदलायचे का मास्तर?"

"इंग्रजी तारीख शेजारी घाला, एवढंच."

"घालतो. पन तुमीच काढून द्या. मला अमरदादात पगार मिळतो, जूनमदी न्हाय."

बाकीचे बाकावर बसलेले हसले. मी हिशेब करून तारीख सांगितली, त्यानं ती शेजारी लिहिली आणि दुसरा शिक्का मारला. घरी आल्यावर खालासाठी तीच तारीख तिसऱ्या तऱ्हेनं सांगावी लागली. तिचे महिने चांदावर चालायचे.

दुसरा फोटो आला तो हा, माझ्याजवळचा. यात तो वाकून, जवळजवळ जमिनीवर बसून नोटिशीसमोर आला आहे. सावली खालच्या ओळींवर पडली आहे आणि अखेरची तारीख स्वच्छ वाचता येते. मी ती वाचली आणि खालाला म्हणालो, "मोहरमचा चांद दिसायच्या आत अर्ज तिथं पोचला पायजे." टपालाला लागणारा वेळ धरला तर त्याच दिवशी कागद निघायला हवे होते. कागद तयार होते. मी तर्जुम्यातला कंस खोडला, तारीख लिहिली, तिच्याखाली तांबडी रेघ ओढली, रेघांसकट एक नक्कल खालाजवळ ठेवली आणि सगळं रजिस्टरनं पाठवलं.

अर्ज वेळेत पोचला. त्यानं तसं कळवलं. काही महिन्यांनी चौकशीला पोलिसांचा एक जमादार आला. ओसरीवर बसून त्यानं विचारलं, "तुमचा मुलगा सध्या कुठं आहे?"

खाला म्हणाली, "त्येच मला तुमाला इचारायचं हुतं."

जमादार हसला, चहा प्याला, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. माझाही घेतला. मी सांगितलं, भला माणूस आहे, इथलाच आहे. ते वाक्य त्यानं लिहून घेतलेलं मी पाहिलं. त्या दिवशी खालानं त्याची खोली सारवून घेतली.

नकार त्याच्याच पत्रातून कळला. इथल्या सरकारची संमती आली नाही, एवढंच त्याला सांगितलं होतं. कारण दिलं नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं. खालानं तर्जुम्याचा कागद मागितला, तांबड्या रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ती दुसरी वळ कुठली? थोड्या दिसाची?"

मी दाखवली.

"तीच भर म्हनावं. मेहमान तर मेहमान."

आईच्या आजारपणाचा डॉक्टरचा दाखला लागणार होता. तो मिळवताना खोटं लिहावं लागलं नाही. ती तेव्हा खाटेला लागलेलीच होती. परवाना मंजूर झाला. त्याचं तसं पत्र यायच्या आधी आठवडाभर ती गेली.

मी त्याला कळवलं. तरीही ये, असं लिहिलं. बहीण आहे, मी आहे. तर्जुमा त्याच्याजवळ होता. परवान्यावरच्या दिवसांच्या आत हद्द ओलांडायची, हे त्याला पाठ होतं. त्या दिवसांत सोलापूरकडून येणारी प्रत्येक मोटार मी शाळेच्या दारातून पाहिली. मुलं पाढे म्हणत आणि मी रस्त्याकडं बघत उभा राही. मुदत संपली. नंतर आलेल्या पत्रात त्यानं परवान्याचं नाव काढलं नाही. लिहिलं होतं, "घरात ती नसताना दाराशी उभं राहायचं मला जमणार नाही. तू रागावू नकोस." मी रागावलो नव्हतो. पुढंही आम्ही लिहीत राहिलो, आधी महिन्याला, मग ईदेला.

पहिला फोटो खालाच्या उशाखाली होता, तो बहिणीनं ठेवून घेतला. हा मला दिला. आज दुपारी खिडकीत बसून मी भिंग लावून तो पुन्हा पाहिला. तारीख अजून स्वच्छ वाचता येते. डावा खांदा उतरलेला आहे. तोंड मात्र दिसत नाही, तिथं कॅमेरा आहे.