हे कोण कोणाला म्हणतंय?

कुठलंही गाणं कुणाला निवांत ऐकू देणं नंदूमामाच्या स्वभावातच नव्हतं. रेडिओ लागला, रिक्षात गाणं वाजलं, शेजारच्या मंडपात कर्णा सुरू झाला, की हा मान तिरकी करून विचारणार, "हे कोण कोणाला म्हणतंय?" आपण म्हणावं, अरे, गाणं आहे, ऐक ना गुपचूप! तर म्हणायचा, "ऐकतोच आहे. म्हणून तर विचारतोय."

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्नाचे व्हिडिओ जोडून त्याला गाणी लावून देण्यात त्याचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. "एवढी लग्नं पाहिल्यावर धाडस होत नाही," हे त्याचं कारण. त्याच्या खोलीत जावं तर खुर्चीवर वायरी, पलंगावर वायरी, आणि चहा मात्र बशीसकट, आलं घालून.

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्यांचे आभार मानणारा छोटा व्हिडिओ करून तो हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवायचा, असं मी आणि माझा भाऊ मंदार यांनी ठरवलं. मंदार आयटीत, त्यामुळे त्याला सगळं संध्याकाळपर्यंत हवं असतं. फोटो गोळा केले, तीन गाणी निवडली आणि मामाकडे गेलो.

पहिलं गाणं आईवरचं, हमखास रडवणारं. मामानं दोन कडवी ऐकली. "ह्यातली आई गेलेली आहे. ताई पहिल्या रांगेत बसणार ना? मग जिवंतपणी कशाला मारताय तिला?" दुसरं मुलीचं, बापाला उद्देशून. "ही पोरगी सासरी निघालीय. तू कात्रजला राहतेस, दर रविवारी डबा भरून न्यायला येतेस. कसला निरोप घेतेस?" तिसऱ्यात आईवडिलांची पार पूजाच होती. मामा हसायलाच लागला. "दाजींना देव केलंत तर मंडईत कोथिंबिरीवरून भांडायला कोण जाणार?"

मंदार वैतागला. "मामा, शब्द कोण ऐकतंय? सूर छान आहे ना!"

"ज्याच्यासाठी लावतोस, तो ऐकतो," मामा म्हणाला.

मग त्यानं स्वतःच एक निवडलं. मुलं मोठी होऊन आईवडिलांना 'तुमच्यामुळे आम्ही' म्हणतात, असं. बासरी, मागे वीसेक गळे, शब्द चपखल. आम्ही खूश! पण मामाला चैन कुठलं? हॉलमध्ये वाजवण्याआधी बाबांसमोर वाजवून बघू म्हणाला. सहज आल्यासारखा आईबाबांकडे आला आणि मोबाइलला छोटा स्पीकर जोडून गाणं लावलं. बाबांनी पेपर खाली केला. "नंदू, वरच्या मजल्यावर कुणी फरशी कापतंय का रे?"

बाबांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत, हे आम्हाला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं. मामानं विचारलं. बाबांच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तासभर बसला. परत आला तो नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा. यंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी लावून दिलेलं असतं. एकदम खूप वाद्यं वाजली, की बाबांना त्यांचा नुसता गोंगाट होतो. उंच स्वर तर त्यांना केव्हाच ऐकू येईनासे झालेत. खालच्या पट्टीतला एकटा आवाज त्यांना त्यातल्या त्यात बरा कळतो. आणि कान चांगले असताना जे गाणं पाठ झालं, ते अर्धवट ऐकू आलं तरी मन पुरं करून घेतं. "म्हणजे बघ," तो म्हणाला, "आपल्याला दाजींच्या डोक्यात आधीपासून असलेलं गाणं हवं."

आणि तीच तर अडचण होती! बाबा गाणी ऐकणाऱ्यांतले नव्हतेच. मामानं त्यांना आडून विचारून पाहिलं, "दाजी, तुम्हाला कुठलं गाणं पाठ आहे?" बाबा म्हणाले, "राष्ट्रगीत. का? उभं राहू?" माझा तर धीरच सुटला. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाला त्याची मुलं भर हॉलमध्ये 'आभार' म्हणणार आणि त्याच्या कानी फरशी कापल्याचा आवाज पडणार, ह्या विचारानं मला रडू यायचं.

मामा मात्र आमचे फोटो एकेक करून बघत बसला होता. एका फोटोवर थांबला. जुनी स्कूटर, मी पुढे उभी, बाबा, मध्ये मंदार, मागे आई. "चौघांचीही तोंडं उघडी कशी गं? काय करताय तुम्ही?"

मी आणि मंदारनं एकमेकांकडे पाहिलं. रविवारी येरवड्याला आत्याकडे जायचो. परतताना मला पुढे उभ्या उभ्याच डुलक्या यायच्या. मी पडू नये म्हणून बाबा जोरजोरात स्वतः रचलेलं एक गाणं म्हणायचे. यमक त्यांना कधी जमलं नाही.

*डुलकी आली, डुलकी गेली,*
*पर्वतीमागं पळून गेली,*
*घट्ट धर अन् डोळे उघड,*
*आलंच की रे आपलं घर!*

आणि मग ओरडायचे, "कोण झोपलं?" आम्ही ओरडायचो, "कोणी नाही!" आणि मागून आई, जी खरोखरच पेंगत असायची, सगळ्यांच्या नंतर म्हणायची, "कोणी नाही."

"पण मामा, ह्यात आभार कुठे आहेत?" मंदारनं विचारलं.

"तेव्हा हे कोण कोणाला म्हणत होतं?"

"बाबा आम्हाला."

"आता तुम्ही त्यांना म्हणा. बस झालं."

मामानं आम्हाला कपड्यांच्या कपाटाशी उभं केलं, मागे गोधड्या लटकवल्या, म्हणजे आवाज घुमू नये. मंदारचा आवाज पुढे, माझा खालच्या पट्टीत, वाद्य एकही नाही. प्रत्येक ओळीला एक फोटो, शब्द मोठ्या अक्षरात खाली, आणि आमची मनोगतं चालू असताना मागे काहीही वाजवायचं नाही. "कोण झोपलं?"नंतर त्यानं रिकामी जागा सोडली. मंदार म्हणाला, इथे आवाज गेलाय असं वाटेल लोकांना. "वाटू दे," मामा म्हणाला. शेवटी त्याचं नाव टाकायला निघालो, तर ते त्यानं काढायला लावलं. "आभार ताईचे आणि दाजींचे चाललेत. मध्ये मी कोण घुसणार?"

हॉलमध्ये पहिल्या ओळीला बाबांनी डाव्या कानाला हात लावला. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलायला लागले. पडद्यावरून मंदारनं विचारलं, "कोण झोपलं?" आणि त्या रिकाम्या जागेत बाबा उभे राहून ओरडले, "कोणी नाही!" सगळा हॉल हसला. हसणं संपल्यावर आई म्हणाली, "कोणी नाही," आणि तोंडाला पदर लावला. मामा मागे स्पीकरजवळ उभा होता, मान तिरकी करून.

यंदा मामा गेला. दुपारी झोपला तो उठलाच नाही. त्याच्या खोलीत आम्ही चौघं जमलो. वायरी तशाच होत्या. फोटोला हार घातला. मंदार म्हणाला, काहीतरी लावूया मामासाठी. मोबाइलवर किती शोधलं! प्रत्येक गाण्याला मला त्याचा प्रश्न ऐकू यायचा आणि मी पुढचं लावायचे.

बाबा म्हणाले, "ठेवा तो फोन." ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या त्या बेसूर, मोठ्या आवाजात पहिल्यापासून म्हणायला लागले. डुलकी आली, डुलकी गेली. शेवटपर्यंत म्हटलं. मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोण झोपलं?"

मी हार सरळ करायला लागले. मंदार खिडकीकडे वळला. बाबा तसेच उभे होते, कानाला हात लावून.

मागून आई म्हणाली, "कोणी नाही."