एकटीनं घेतलेलं माप

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. भाजी निवडताना ती उभी, जेवताना अर्धी उठलेली, आणि फोनवर बोलायला लागली की एका हाताने कपाटातल्या घड्या मोडून पुन्हा घालणार. शिवणयंत्रावर तेवढी बसायची, पण तिथेही पायाखालची पट्टी थांबली की टाच थरथरत राहायची. थोरली जाऊ म्हणायची, "हिला देवानं पाय दिले आणि बूड द्यायचं विसरला."

दोघी जावांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. कामाला जाणाऱ्या बायांचे कोट, जाकिटं, फॉर्मल पँटी. थोरली कापड बेतायची, भिंगरी शिवायची. काम चोख होतं, पण ते आता एकीलाच पुरत होतं. जुन्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या बाया बदली होऊन, लग्न होऊन, घर बदलून लांब गेल्या होत्या. त्यांचे फोन यायचे. "तुमच्यासारखा खांदा इथं कुणी बसवत नाही हो. मी घरीच माप घेऊन कळवते, शिवून पाठवाल का?"

थोरलीचं उत्तर ठरलेलं. "माझ्यासमोर उभं राहिल्याशिवाय मी कापडाला हात लावत नाही."

आणि भिंगरीची तगमग व्हायची. कारण रेडिमेड शर्टांच्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. ती तिथे जाऊन बघूनही आली होती. लांबच लांब हॉल, यंत्रांच्या रांगा, आणि प्रत्येक बाईला एकच काम. हिला कॉलर मिळणार होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या कॉलरी. पाणी प्यायला उठायचं तरी हात वर करायचा. हॉलमधून बाहेर पडल्यावर भिंगरीने बसस्टॉपवर इतक्या येरझाऱ्या घातल्या, की शेवटी बाकावरच्या म्हातारबाबांनी विचारलं, "बाई, काही हरवलंय का?" सोमवारपर्यंत तिला हो-नाही कळवायचं होतं. दुकानात काम वाढलं नाही, तर हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"लांबच्या बायांचं काम घेऊ या," ती थोरलीच्या मागे लागली. "टेप काय प्रत्येकीच्या घरी असते. छाती, कंबर, सीट… त्यात काय डॉक्टरकी आहे?"

थोरली कापडावर खडू ओढत होती. वर न बघता म्हणाली, "बरं. मग तूच घे. स्वतःचं, एकटीनं. मदतीला कुणाला घ्यायचं नाही. मला फोनवर सांग, मी तेवढ्यावरच कोट बेतीन. तुझं अंग मला दिसतं, पण दिसतं ते मी कात्रीत येऊ देणार नाही. कोट बसला तर घे तुझ्या लांबच्या बाया."

"आणि नाही बसला तर?"

"तर कॉलरी."

भिंगरीचा नवरा ट्रकवर, गेला की गेलाच. मुलगी वसतिगृहात. त्यामुळे 'एकटीनं' हे काही वेगळं ठरवावं लागलं नाही. दुपारी दार लावून ती आरशाच्या कपाटासमोर उभी राहिली. अंगाला चिकटणारा पातळ कुर्ता घातला आणि कमरेला इलॅस्टिकची नाडी बांधली. दोनदा वाकून उठल्यावर नाडी आपोआप जिथे जाऊन बसली ती खरी कंबर. गिऱ्हाइकांना ती नेहमी हेच करायला लावायची.

सुरुवात झकास झाली. छातीची टेप मागून सरकून खाली येत होती, पण बाजूला वळून आरशात बघितलं की कळत होतं. सरळ केली, श्वास सोडला आणि छत्तीस. कंबर नाडीवरून, बत्तीस. पाय जुळवून सीट, एकोणचाळीस. मनगट आणि दंडाचा घेर टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून एका हाताने निघाले. गळा तर सोपाच. "डॉक्टरकी म्हणे," ती आरशाला म्हणाली.

मग खांदा आला. डाव्या खांद्याच्या हाडावर टेप धरायची आणि मानेच्या मुळावरून उजव्या हाडापर्यंत न्यायची. टेप धरायला हात वर गेला की खांदाही वर जाई. मागे हात नेला की पाठ आखडे. चौदा आले. पुन्हा घेतलं तर साडेपंधरा. सेफ्टी पिनेने टेप कुर्त्याला टाचून बघितली, तर कुर्ताच ओढला गेला आणि पावणेचौदा. तीन वेळा तीन बायांचं माप निघालं.

पाठीचं त्याहून वाईट. मान खाली घातली की मणक्याचं जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या नाडीपर्यंतची उंची हवी. तिने चिकटपट्टीने टेप हाडावर चिकटवली आणि खाली सोडली. पण आकडा वाचायला वळली की पाठ वळत होती, आणि आरशात आकडे उलटे दिसत होते. बाहीला तर हात कंबरेवर ठेवून कोपर वाकवायचं, आणि खांद्याच्या हाडापासून कोपरावरून मनगटापर्यंत टेप न्यायची. दुसरा हात मनगटापर्यंत पोचेपर्यंत खांद्यावरचं टोक निसटलेलं असे. ती गरागरा फिरत होती, टेप मागे शेपटीसारखी.

दारावर थाप पडली. समोरच्या दारातली शेजारीण होती. गाडी शिकवायच्या क्लासमध्ये ती बायांना गाडी शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज गल्लीत ऐकू जायचा. "काय गं, आत कुस्ती चाललीय का?"

"माप घेतेय!"

"मग दार उघड, धरते मी एक टोक."

भिंगरीचा हात कडीपर्यंत गेला होता. "नको. एकटीनंच घ्यायचंय," ती म्हणाली, आणि उरलेली मापं तिने घेतलीच नाहीत. तिला ती पाठच होती. छाती छत्तीस असली की खांदा साडेचौदा, पाठ पंधरा, बाही एकवीस. वर्षानुवर्षं छत्तीसच्या बायांचे कोट तिने शिवले होते. तिने थोरलीला फोन लावला आणि सगळे आकडे एका दमात सांगून टाकले. कुठले अंगावरचे, कुठले डोक्यातले, ते सांगितलं नाही.

कोट थोरलीनेच कच्च्या टाक्याने जोडला. भिंगरीने तो चढवला. समोरून तो फारच सुरेख होता. छातीवर सपाट, कमरेला नेमका आणि सीटवर कुठे सुरकुती नाही.

"आता वळ," थोरली म्हणाली.

मागे गळा मानेपासून उभा राहिला होता. पाठीवर आडव्या ओढी पडल्या होत्या, आणि खालची कड मागच्या बाजूने उचललेली. भिंगरीने हात पुढे केला तर बाही मनगट सोडून वर पळाली.

थोरलीने आपली टेप काढली. खांदा, पाठ, बाही. तीन वेळा वाकली, तीन वेळा आकडा मनात ठेवला. मग विचारलं, "हे खांदे कुणाचे पाठवलेस?"

"माझेच."

"तुझे नाहीत. तुझ्या पाठीला यंत्रावर वाकून वाकून पोक आलंय, आणि उजवा खांदा उतरलाय. हे कुठल्यातरी सरळ बाईचं माप आहे."

भिंगरी खुर्चीपासून दारापर्यंत गेली आणि परत आली. "पोक आलंय? कधी?"

"तुला कसं दिसणार? तुझ्या मागं आहे ते."

"जाऊबाई, ते तीन मी घेतलेच नाहीत. जमेना. मग मनानेच सांगितले." तिचा आवाज उतरला. "म्हणजे मी हरले. सोमवारी जाते कॉलरी लावायला."

"हरलीसच," थोरली म्हणाली, आणि कोट उतरवून घेऊन पाठीचं कापड टाक्याटाक्याने उसवायला लागली. उसवता उसवताच बोलली, "पण जे खरं घेतलंस, ते कुठं चुकलंय बघ. छाती, कंबर, सीट, मनगट. सगळं बसलंय."

भिंगरी जागच्या जागी उभी राहिली. दुकानात ती अशी उभी क्वचितच दिसायची. "म्हणजे तेवढी एकटीनं घेता येतात. आणि ही तीन…"

"ही तीन कुणीतरी मागं उभं राहिल्याशिवाय यायची नाहीत. मीसुद्धा स्वतःची घेऊ शकत नाही."

"मग मागं कोणीही चालेल का? शिकलेलं नसलं तरी?"

"मला काय माहीत? तुझी ती गाडीवाली आहे ना. तिनं आयुष्यात टेप धरली असेल तर शपथ."

भिंगरी निघालीच. चपला दुकानात घातल्या की रस्त्यात, तिला आठवलं नसतं. शेजारणीला तिने ओढतच आपल्या घरात आणलं. फोन स्पीकरवर ठेवला, तिकडे थोरली. आणि टेपला स्वतः हात न लावता फक्त तोंडाने सांगत गेली. "मी हात वर केला की खांद्याच्या टोकाला खळी पडते. दिसली? तिथं बोट ठेव. आता मी हात खाली सोडते, बोट हलवू नकोस."

"तूच हलू नकोस!" शेजारीण ओरडली. "समोर बघ, आरशात नको! गिअर बदलतानाही माझ्या बाया एवढ्या वळवळत नाहीत!"

भिंगरी तेवढी निश्चल उभी राहिली. मागे कोणाची तरी बोटं मानेचं हाड चाचपत होती, टेप पाठीवरून खाली जात होती. आपली पाठ एवढी वळलेली आहे हे तिला त्या बोटांखाली पहिल्यांदा कळलं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण सोमवार तोंडावर असल्यामुळे तेवढी सवड नव्हती.

"पाठ सव्वासोळा," शेजारणीने वाचलं. "बाही बावीस. खांदा पंधरा."

फोनमध्ये कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग थोरली म्हणाली, "पाठ आणि बाही बरोबर. खांदा पाव इंच कमी आलाय. तिला सांग, बोट हाडाच्या आत पडलंय, बाहेर घे."

"पाव इंचासाठी?" शेजारीण.

"पाव इंचानंच बाही लोंबते हो बाई."

बोट बाहेर घेतलं, पुन्हा मोजलं. सव्वापंधरा.

"जाऊबाई," भिंगरी फोनवर वाकली, "मग घ्यायची का लांबच्या बायांची कामं?"

"जिच्या मागं उभं राहायला कोणी आहे, तिचीच. आणि तीन मापं घेणारीला फोनवर घ्यायचं. मी स्वतः ऐकीन."

"आणि जी अगदी एकटी राहते?"

"तिला सांगायचं, तुझा चांगला बसणारा जुना कोट पाठव. तो टेबलावर पसरून मोजू. तोही नसेल, तर नाही म्हणायचं. म्हणशील नाही?"

भिंगरीने फोनभोवती एक फेरी मारली. परवाच एकीचा फोन आला होता. नव्या गावात बदली झालेली, एकटी खोली घेऊन राहणारी, आणि जुना कोट तर तिने मोलकरणीला देऊन टाकला होता. काम चांगलं होतं, दोन कोट आणि पँट. भिंगरीने तिला जवळजवळ हो म्हटलं होतं.

"म्हणेन," ती शेवटी म्हणाली. "त्या बदलीवाल्या बाईला आजच कळवते. म्हणते, ऑफिसातल्या एखाद्या मैत्रिणीला घरी बोलवा, चहा पाजा, मग फोन करा."

"आधी कारखान्याला कळव," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

भिंगरी कारखान्याचा नंबर शोधायला लागली. नंबर सापडेना, म्हणून खोलीभर फिरायला लागली. शेजारीण टेपचं एक टोक हातात घेऊन तिच्या मागोमाग जात होती, कारण दुसरं टोक अजून भिंगरीच्या कुर्त्याच्या मागच्या हुकातच अडकलेलं होतं.