‘साज’चं लांबलेलं नाव

पार्लरवाल्या वहिनींना अकरा वर्षांत एकच चूक भोवली: दिराला अक्कलवान समजण्याची. फोनच्या नकाशावर दुकान दिसायचं ते ‘साज ब्युटी पार्लर’ एवढंच. भाऊजींना ते फार भिकारडं वाटलं. त्यांनी वहिनींचा फोन घेतला आणि बसल्या बैठकीला नाव केलं, ‘साज बेस्ट ब्युटी पार्लर ब्रायडल मेकअप फेशियल हेअर स्पा लेझर स्वस्त माझ्याजवळ’. आता ‘माझ्याजवळ’ म्हणजे कुणाजवळ, हे विचारायची सोय नव्हती. लेझरचं यंत्र तर वहिनींनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

महिनाभराने दुकान नकाशावरून गायब झालं. नावात जाहिरात कोंबल्याबद्दल प्रोफाइल निलंबित. अकरा वर्षांत बायकांनी लिहिलेले दोनशे अभिप्राय सगळे झाकले गेले. नवीन बायका नकाशा बघूनच यायच्या. त्या आठवड्यात एकही आली नाही.

प्रोफाइल परत मिळवायच्या अपिलात दुकानाच्या पाटीचा फोटो मागितला होता, म्हणजे प्रोफाइलवरचं नाव आणि पाटी जुळायला हवी. भाऊजी म्हणाले, सोपं आहे, पाटीच बदलू. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ते पाटीवाल्याकडून मापं घेऊन आले. पाटी दुकानाच्या दारापेक्षा तीन फूट लांब होत होती, म्हणून शेजारच्या टेलरकडे थोडी जागा मागावी, असाही त्यांचा विचार होता. वहिनींना हसावं की रडावं कळेना.

मग त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. नाव केलं पाटीवर आहे तेवढंच. अपील टाकलं, सोबत पाटीचा फोटो आणि परवान्याची प्रत. मग सेवांची यादी उघडली आणि प्रत्येकीपुढे दोन ओळी लिहिल्या, गिऱ्हाइकाला खुर्चीत सांगतात तशाच. ‘भुवया: दोऱ्याने, दहा मिनिटं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं.’ ‘ओठांवरची लव: दोऱ्याने. विचारायला लाज वाटते म्हणून इथेच लिहिलंय. कोपऱ्यातली खुर्ची पडद्याआड आहे.’ विक्रीच्या वस्तूंमध्ये तेलाच्या बाटलीचा फोटो, किंमत आणि खाली: ‘केस मऊ होतात. वाढत नाहीत.’ भाऊजींनी यादीतही घातलेलं लेझर काढून टाकलं.

भाऊजी म्हणाले, असं लिहून कोण येणार? वहिनींनी यादी जतन केली.

नवव्या दिवशी प्रोफाइल परत आलं, अभिप्रायांसकट. दोन दिवसांनी तोंडावर ओढणी घेतलेली एक मुलगी दारात उभी राहिली. तिने फोन पुढे केला आणि ओठांवरच्या लवेच्या ओळीवर बोट ठेवलं. वहिनींनी पडदा बाजूला सारला. मुलगी जाताना मान वर करून गेली, तेव्हा वहिनींचा जीव भांड्यात पडला.

रात्रीच्या जेवणाला भाऊजी सगळ्यांना सांगत होते की प्रोफाइल आपणच मार्गी लावलं. वहिनींनी ताटात पोळी वाढली.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “सेवांच्या यादीत तुम्हाला घालीन म्हणते. पण तुम्ही नक्की करता काय, ते दोन ओळींत सांगा.”

भाऊजी अजून विचार करताहेत.